लुडविग अँजायना, न उघडणारं तोंड आणि आणीबाणीची क्रिकोथायरॉइडोटॉमी: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातला रुग्ण कोणी एक खरा माणूस नाही. पण इंदूरच्या कुठल्याही मध्यम आकाराच्या रुग्णालयात असा रुग्ण येऊ शकतो, आणि त्याच्या बाबतीत गोष्टी ज्या क्रमाने बिघडतात तोच क्रम इथे ठेवला आहे. वाचक भूलतज्ज्ञ, आपत्कालीन विभागातले डॉक्टर, रात्रपाळीचे ड्यूटी डॉक्टर आणि ओटीतल्या सिस्टर आहेत असं धरून लिहिलं आहे.

रुग्ण

वय 54, रामबागेत राहणारे गृहस्थ. वजन 88 किलो, उंची 165 से.मी. मधुमेह आहे, गोळ्या अनियमित. 25 वर्षं सुपारी आणि गुटखा. मध्य प्रदेशात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण पानमसाल्याची आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन हातावर एकत्र करायची, ही सवय तशीच राहिली आहे. गालांच्या आतली त्वचा पांढरट, ताठ; तिखट खाल्लं की आग होते. म्हणजे तोंडातला सबम्युकस फायब्रोसिस जुनाच आहे, फक्त कोणी तपासलेला नाही.

चार दिवसांपूर्वी डाव्या बाजूची खालची शेवटची दाढ दुखायला लागली. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतल्या. दुसऱ्या दिवशी जबड्याखाली सूज, तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना, चौथ्या दिवशी संध्याकाळी थुंकीसुद्धा गिळता येईना. मुलगा रात्री नऊला घेऊन आला.

काका खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसले आहेत. लाळ गळते आहे, आवाज घोगरा आणि दबका. आडवं केलं की घाबरून उठून बसतात. ताप 38.9 अंश सेल्सियस, नाडी 124, श्वास मिनिटाला 28, हवेवर सॅच्युरेशन 94 टक्के. जीभ वर उचललेली, तिच्याखालचा भाग सुजून दातांच्या पातळीपर्यंत आलेला. हनुवटीपासून गळ्यापर्यंत सूज लाकडासारखी कडक, दाबली तर खळगा पडत नाही. पुढच्या दातांमध्ये अंतर 12 मि.मी. कंठमणी हाताला लागत नाही.

निदान अवघड नाही: दाताच्या मुळापासून पसरलेला लुडविग अँजायना. खरा धोका त्या 12 मि.मी. मध्ये आहे. नुसत्या गळूमुळे तोंड बंद असतं तेव्हा जबड्याचे स्नायू दुखण्याने आवळलेले असतात, आणि भूल व स्नायुशिथिलक दिल्यावर बऱ्याचदा ते सैल पडून तोंड थोडं उघडतं. फायब्रोसिसमध्ये गालाच्या आत तंतूंचे पट्टे असतात; ते स्नायू नव्हेत. कितीही शिथिलक द्या, अंतर 12 मि.मी. च राहतं. इथे दोन्ही कारणं एकत्र आहेत, आणि कोणाचा वाटा किती हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून “झोपवल्यावर उघडेल” हा हिशेब या रुग्णात करायचाच नाही. सुपारी खाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला एक प्रश्न विचारावा: हे दुखणं सुरू व्हायच्या आधी तोंड किती उघडत होतं, तीन बोटं आत जायची का? या काकांनी दोन बोटं दाखवली, आणि काकूंनी लगेच सांगितलं की दोन वर्षांपासून पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही.

आधीची तयारी

ठरलं ते असं: रुग्णाला जागं ठेवून, बसलेल्या स्थितीत ओटीत न्यायचं, श्वासमार्ग जागेपणीच सुरक्षित करायचा. कान-नाक-घसा सर्जन वाटेत आहेत, अजून 25 मिनिटं लागतील. ते आल्यावर स्थानिक भूल देऊन ट्रेकिऑस्टॉमी ही पहिली पसंती. तोवर प्रकृती ढासळली तर भूलतज्ज्ञ नाकातून लवचिक स्कोप घालून ट्यूब टाकण्याचा एक प्रयत्न करतील. आणि तोही फसला तर मानेतून. हे तिसरं पाऊल कोण उचलणार हे आधीच ठरवून बोललं गेलं: स्कोप भूलतज्ज्ञांच्या हातात असेल, ब्लेड ड्यूटीवरच्या जनरल सर्जनच्या हातात. ज्याच्या हातात स्कोप आहे तोच मान कापणार असेल, तर “अजून एकदा बघतो” असं म्हणण्यात मोलाचा एक मिनिट जातो.

ट्रॉलीवर एका ट्रेमध्ये तीन वस्तू मांडल्या. 10 नंबरचं ब्लेड हँडलला लावलेलं. वाकडं टोक असलेली बूजी. 6.0 ची कफवाली ट्यूब, कफ तपासून, जेली लावून, 10 मि.ली. सिरिंज जोडूनच. इथे एक बारीक पण घातक अडचण असते: 10 नंबरचं ब्लेड 3 नंबरच्या हँडलला बसतं, तर 20 पासून पुढची मोठी ब्लेडं 4 नंबरच्या हँडलला लागतात. ट्रेमध्ये चुकीची जोडी निघाली तर ऐन वेळी ब्लेड हाताने धरावं लागतं. म्हणून जोडून ठेवायचं. बूजी 6.0 च्या ट्यूबमधून सहज सरकते का, हेही तिथेच पाहायचं. कोरडी असेल तर अडकते. 7.5 ची ट्यूब मुद्दाम बाजूला ठेवली. क्रिकोथायरॉइड पडद्याची उंची मोठ्या माणसात साधारण 10 मि.मी., स्त्रियांत त्याहून कमी. 6.0 च्या ट्यूबचा बाहेरचा व्यास 8 मि.मी. पेक्षा थोडा जास्त. 7.5 ची ट्यूब बाहेरून 10 मि.मी. च्या घरात जाते, आणि जोर लावून घातली तर क्रिकॉइड कूर्चेला चीर पडू शकते.

दोन नाकपुड्यांत मिनिटाला 15 लिटर ऑक्सिजन सुरू केला आणि तो शेवटपर्यंत बंद करायचा नाही असं सांगून ठेवलं. नेब्युलायझरने अ‍ॅड्रेनॅलिन 5 मि.ग्रॅ. आणि शिरेतून डेक्सामेथासोन 8 मि.ग्रॅ. दिलं; यातून थोडा वेळ मिळाला तर मिळाला, त्यावर भिस्त नाही. झोपेचं औषध काहीही नाही. काका अस्वस्थ होते, आणि अशा वेळी 2 मि.ग्रॅ. मिडाझोलाम द्यायचा मोह होतो. पण ही अस्वस्थता श्वास पुरत नसल्याची आहे. घशाचे स्नायू जेमतेम ताण धरून वाट उघडी ठेवत असतात, आणि तो ताण औषधाने गेला की वाट मिटते.

मानेवर बोट ठेवून

सामान्य मानेत खुणा वरून खाली शोधतात. हनुवटीखाली हायॉइड हाड, त्याखाली थायरॉइड कूर्चेची खाच म्हणजे कंठमणी, तिथून बोट मध्यरेषेत खाली सरकवलं की कूर्चेची खालची कड संपते आणि बोटाचं टोक एका मऊ खळग्यात बसतं. खळग्याखाली पुन्हा कडक उंचवटा, तो क्रिकॉइड. मधला खळगा म्हणजे पडदा. पण नुसत्या एका बोटाने टोचून पाहण्यापेक्षा लॅरिंजियल हँडशेक भरवशाचा आहे: अंगठा आणि मधलं बोट यांत हायॉइडच्या दोन्ही टोकांना धरून स्वरयंत्र डावी-उजवीकडे हलवायचं, मग तीच पकड थायरॉइड कूर्चेच्या दोन्ही पंखांवरून खाली नेत क्रिकॉइडपर्यंत यायचं, आणि तर्जनीने मध्यरेषेत पडदा चाचपायचा. असं केलं की मध्यरेषा चुकत नाही. सूज एका बाजूला जास्त असेल तर स्वरयंत्र सरकलेलं असतं आणि हनुवटी ते छातीपर्यंत डोळ्याने मारलेली सरळ रेष फसवते.

या रुग्णात वरून येणं शक्यच नव्हतं. हायॉइड आणि कंठमणी दोन्ही कडक सुजेत बुडालेले. म्हणून खालून वर जायचं. छातीच्या हाडाच्या वर गळ्याची खोबण असते, तिच्यात बोट ठेवून वर सरकायचं. श्वासनळीच्या कड्या बारीक, बोटाखाली जेमतेम जाणवणाऱ्या; त्यांच्यानंतर पहिला ठळक, रुंद, कडक उंचवटा लागतो तो क्रिकॉइड. त्याच्या वरच्या कडेला लागून पडदा. लुडविगची सूज वरून खाली उतरत येते, त्यामुळे खालची खूण शेवटपर्यंत शाबूत राहण्याची शक्यता जास्त. स्त्रियांमध्ये आणि जाड मानेच्या रुग्णांतही हीच वाट बरी, कारण त्यांचा कंठमणी मुळातच ठळक नसतो आणि पडद्याची जागा हाताने ओळखण्यात अनुभवी माणसांचीही चूक होते.

सोनोग्राफीचं यंत्र ओटीत होतं, म्हणून पडताळून पाहिलं. उथळ भागासाठीचा लिनियर प्रोब मानेवर आडवा ठेवायचा. थायरॉइड कूर्चा त्रिकोणी दिसते. प्रोब खाली सरकवला की त्रिकोण संपून एक आडवी चकचकीत पांढरी रेष येते, ती पडद्यामागची हवा. आणखी खाली गेलं की क्रिकॉइडची जाड काळसर कमान. मग पुन्हा वर येऊन पांढऱ्या रेषेवर थांबायचं आणि त्वचेवर मार्करने खूण करायची. मान जमेल तेवढी मागे करून ही खूण केली, कारण कापताना मान तशीच असणार आहे. तरीही हे ध्यानात ठेवायचं की बसलेल्या माणसाच्या त्वचेवरची खूण आडवं केल्यावर आतल्या कूर्चेच्या तुलनेत सरकते. खूण दिशा दाखवते. शेवटचा निवाडा बोटाचाच.

खुणेच्या वर-खाली मध्यरेषेत 2 टक्के लिग्नोकेन व 1:2,00,000 अ‍ॅड्रेनॅलिन, 3 मि.ली., त्वचेखाली दिलं. त्यामुळे जागेपणी कापावं लागलं तरी सोसेल आणि रक्तही कमी येईल. पडद्यातून आत औषध टोचणं टाळलं. त्याने येणारा खोकल्याचा उमाळा अशा घशाला परवडत नाही.

काका शुद्धीवर आहेत, त्यांना सांगणं आवश्यक होतं. भूलतज्ज्ञ त्यांच्यासमोर बसून म्हणाले, “काका, श्वासाला वाट कमी झालीय. गरज पडली तर गळ्याला बाहेरून छोटं भोक करून नळी घालू. नळी असेपर्यंत आवाज निघणार नाही, पण तुम्ही लिहून सांगू शकाल.” काकांनी मान हलवली. काकू आणि मुलाकडून याच शब्दांत संमती घेतली, “मोठ्या ऑपरेशनची परवानगी” असल्या मोघम भाषेत नाही.

घटना

कान-नाक-घसा सर्जन अजून वाटेतच. श्वास 28 वरून 36 वर गेला, श्वास घेताना घरघर सुरू झाली, काका थकून डोळे मिटायला लागले. थांबणं आता सुरक्षित नव्हतं. नाकात थेंब टाकून, लिग्नोकेन फवारून स्कोप आत गेला. जिभेचा मागचा भाग आणि घशाची मागची भिंत एकमेकांना चिकटलेली, लाळ आणि पू यांनी भिंग माखलेलं. एपिग्लॉटिसची कड क्षणभर दिसली आणि घसा आवळला. काका हात झटकून उठायला गेले, आवाज पूर्ण थांबला. छाती आत ओढली जात होती, पण कॅप्नोग्राफची रेष सपाट.

स्कोप काढला. मागे टेकवून दोन हातांनी मास्क, नाकात 7.0 चा नेझल एअरवे, दुसऱ्या माणसाने पिशवी दाबली. रेष सपाट. तोंडातला एअरवे किंवा एलएमए 12 मि.मी. मधून जाणारच नाही, त्यामुळे तो प्रयत्न करून वेळ घालवला नाही. रोक्युरोनियम 100 मि.ग्रॅ. दिलं. यावर नेहमी वाद होतो, म्हणून कारण सांगतो: वाट आधीच पूर्ण बंद आहे, रुग्ण स्वतः श्वास ओढून ती उघडू शकत नाही. शिथिलकाने आवळलेला स्वरयंत्राचा भाग सैल पडतो, मास्कने हवा जाण्याची शेवटची संधी मिळते, आणि मान कापताना रुग्ण हलत नाही. ही संधी एकदाच घ्यायची. पुन्हा मास्क, रेष सपाट, सॅच्युरेशन 78.

भूलतज्ज्ञ मोठ्याने म्हणाले, “ट्यूब जात नाही, ऑक्सिजनही जात नाही. मानेतून जायचं. आत्ता.”

या वाक्यावर थोडं थांबायला हवं. क्रिकोथायरॉइडोटॉमी करायची वेळ सॅच्युरेशनच्या आकड्यावर ठरत नाही. ट्यूब गेलेली नाही, मास्कने आणि एलएमएने ऑक्सिजन पोहोचत नाही, हे कळलं त्या क्षणी ती वेळ आलेली असते. मग आकडा 90 असो की 60. भारतीय भूलतज्ज्ञांच्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने 2016 साली दिलेल्या सूचनांत या अवस्थेला कंप्लीट व्हेंटिलेशन फेल्युअर म्हटलं आहे. ट्यूबचे जास्तीत जास्त तीन प्रयत्न, एलएमएसारख्या साधनाचे दोन, शिथिलक पुरेसं आहे याची खात्री करून मास्कचा शेवटचा एक, आणि मग सरळ मानेतून, असा तिचा क्रम. हे आकडे कमाल मर्यादा आहेत. जिथे एलएमए जाणार नाही हे आधीच ठाऊक आहे तिथे दोन प्रयत्नांचा कोटा भरत बसायचा नसतो. जिवावर बेतलेल्या बहुतेक प्रकरणांत हात कच्चा नसतो, जाहीर करायला उशीर झालेला असतो. म्हणून ते मोठ्याने म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि सिस्टरने भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहायची.

कापणं

पाठ सपाट केली, खांद्यांखाली गुंडाळलेली चादर सरकवली, मान मागे. भूलतज्ज्ञ डोक्याशीच राहिले, नाकातला ऑक्सिजन आणि मास्क चालू. उजव्या हाताने काम करणारे जनरल सर्जन रुग्णाच्या डाव्या बाजूला उभे राहिले, डावा हात मानेवर.

पडदा बोटाला स्पष्ट लागत असता तर एकाच आडव्या छेदात त्वचा आणि पडदा दोन्ही पार करता आले असते. इथे तसं नव्हतं, म्हणून आधी मध्यरेषेत उभा छेद: 8 से.मी., खालून वर, छातीच्या खोबणीच्या किंचित वरून सुरू करून खुणेच्या पुढेपर्यंत. लहान छेदाचा मोह टाळायचा. जागा थोडी वर-खाली चुकली असेल तर उभा छेद ती चूक पोटात घेतो; आडवा छेद चुकला तर दुसरा घ्यावा लागतो.

रक्त आलं, गडद, शिरांचं. ते पुसत बसायचं नाही. इथून पुढे दिसणार काहीच नसतं, सगळं बोटांवर. दोन्ही हातांच्या बोटांनी छेदाच्या कडा आणि आतले पट्ट्यासारखे स्नायू बाजूला सारले. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने स्वरयंत्र दोन्ही बाजूंनी घट्ट पकडलं, तर्जनी आत. क्रिकॉइडचा कडक उंचवटा लागला, त्याच्या वर मऊ खळगा.

छेद पडद्याच्या खालच्या भागात, क्रिकॉइडच्या वरच्या कडेला धरून घ्यायचा, कारण क्रिकोथायरॉइड धमनीची आडवी फांदी बहुधा पडद्याच्या वरच्या तृतीयांशातून जाते, आणि स्वररज्जू पडद्याच्या साधारण 1 से.मी. वर असतात. ब्लेडची धार स्वतःकडे ठेवून आडवं खुपसलं. पडदा फुटल्याचं हाताला कळतं, आणि रक्तात बुडबुडे येऊ शकतात. किती खोल? पडद्यापलीकडे गेल्यावर थांबायचं. मागे क्रिकॉइडची उंच, रुंद पाठ असते, अंगठीच्या खड्याच्या बाजूसारखी, आणि ती अन्ननलिकेला थोडं झाकते. पण तिच्या भरवशावर जोर लावायचा नाही.

यानंतरच्या काही सेकंदांत बहुतेक घोटाळे होतात. ब्लेड बाहेर काढायचं नाही. आतच ठेवून 90 अंशांत फिरवायचं, धार पायांकडे. मग हात बदलायचा: ब्लेड डाव्या हातात, हँडल सरळ उभं, आणि हलकेच स्वतःकडे ओढून धरायचं. त्यामुळे ब्लेडच्या पलीकडच्या बाजूला फट उघडी राहते. बूजी उजव्या हातात, श्वासनळीशी काटकोनात, वाकडं टोक ब्लेडच्या पलीकडच्या पात्यावरून खाली सरकवायचं. आत गेली की बूजी फिरवून पायांच्या दिशेने करायची आणि 10 ते 15 से.मी. पुढे. ब्लेड आधी निघालं तर मऊ भाग लगेच मिटतो, भोक रक्तात हरवतं, आणि बूजी श्वासनळीच्या पुढच्या बाजूला त्वचेखाली घसरते. ती तिथेही विनासायास सरकते, म्हणूनच फसगत होते. आत बरोबर असेल तर कड्यांवरून जाताना बारीक खडखड हाताला लागू शकते, आणि हलक्या हाताने पुढे गेलं की एका जागी अडते. खडखड प्रत्येक वेळी लागेलच असं नाही. पण बूजी कुठेच न अडता जातच राहिली तर संशय घ्यायचा.

बूजी आत, मगच ब्लेड बाहेर. 6.0 ची ट्यूब बूजीवरून फिरवत आत. त्वचेपाशी अडली तर ढकलायचं नाही. ट्यूब गोल फिरवायची, तरीही अडली तर बोटाने छेद रुंद करायचा. कफ आत दिसेनासा झाला की तिथून फार पुढे जायचं नाही. नेहमीच्या ट्यूबवरचे 21-22 से.मी. चे आकडे ओठापासूनचे असतात. इथे प्रवेशच स्वररज्जूंच्या खालून आहे, आणि थोडी जास्त गेली की ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये उतरते.

बूजी काढली, कफ फुगवला, पिशवी दाबली. कॅप्नोग्राफवर पहिली चौकोनी लाट उठली. जाहीर केल्यापासून 95 सेकंद.

आकडा अजून खाली

लाट आली तेव्हा सॅच्युरेशन 52 होतं. पुढच्या अर्ध्या मिनिटात ते 44 झालं. अशा वेळी खोलीतलं कोणीतरी “ट्यूब बाहेर आहे” म्हणतं आणि चांगली बसलेली ट्यूब काढली जाते. बोटाला लावलेला प्रोब उशिरा बोलतो. फुप्फुसात गेलेला ऑक्सिजन गार पडलेल्या बोटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ट्यूब आत आहे की नाही, हे कॅप्नोग्राफ सांगतो. सलग, नीट आकाराच्या लाटा येत असतील तर ट्यूब आतच आहे; हातात धरून ठेवायची आणि पिशवी दाबत राहायचं. दोन मिनिटांत सॅच्युरेशन 91 वर आलं.

उलट, लाट नाही, पिशवी कडक, आणि मान दाबल्यावर त्वचेखाली हवेची कुरकुर, असं असेल तर ट्यूब चुकीच्या थरात आहे. मग सॅच्युरेशन किती का असेना, ती काढायची, बोट आत घालून पडदा पुन्हा शोधायचा आणि बूजी नव्याने घालायची. लाट आहे पण डावी छाती उठत नाही, तर कफ सोडून ट्यूब थोडी मागे घ्यायची.

जाड सुई का वापरली नाही, हा प्रश्न या प्रकरणात येणारच. ब्रिटनमधल्या 2011 च्या राष्ट्रीय पाहणीत, एनएपी4 मध्ये, अरुंद कॅन्युलाने केलेल्या आणीबाणीच्या प्रयत्नांपैकी साधारण 60 टक्के अयशस्वी ठरले होते. शस्त्रक्रियेने केलेले जवळजवळ सगळे यशस्वी. 14 नंबरचा कॅन्युला वाकतो, दुमडतो, आणि त्यातून पुरेसा ऑक्सिजन जायला उच्च दाबाचं साधन लागतं. शिवाय या रुग्णाची वरची वाट पूर्ण मिटलेली. दाबाने आत गेलेली हवा बाहेर कुठून येणार? छाती फुगत जाते आणि फुप्फुस फुटू शकतं. कफवाली ट्यूब हवा आत नेते, बाहेर आणते, आणि वरून उतरणारा पू फुप्फुसात जाऊ देत नाही.

पुढचे तास

ट्यूब टाके आणि फीत दोन्हींनी बांधली. नळीतून शोषण केलं तर गुलाबी फेस आला. बंद वाटेविरुद्ध जोराने श्वास ओढल्याने फुप्फुसात पाणी भरतं, त्याचा हा फेस. पीप वाढवून काही तासांत ओसरला. छातीचा एक्स-रे ट्यूबच्या खोलीसाठी आणि न्यूमोथोरॅक्स नाही ना हे पाहण्यासाठी.

कान-नाक-घसा सर्जन पोहोचल्यावर त्याच बैठकीत विधिवत ट्रेकिऑस्टॉमी केली, मग क्रिकोथायरॉइडची ट्यूब काढली. सर्वसाधारण रिवाज 24 ते 72 तासांत बदलण्याचा आहे, कारण क्रिकॉइड ही श्वासमार्गातली एकमेव पूर्ण कडी. तिच्यावर ट्यूबचा दाब राहिला तर तिथेच वाट आक्रसते. इथे तात्काळ बदलण्याचं आणखी कारण म्हणजे छेद पू असलेल्या भागाच्या लगत होता. ट्रेकिया उघडताना विजेचा चटका वापरू नये, ट्यूबमधल्या ऑक्सिजनने पेट घेऊ शकतो. त्या टप्प्यावर ब्लेडच. नंतर पू काढला, दाढ काढली, प्रतिजैविकं आणि इन्शुलिन सुरू झालं. मानेतल्या छेदातून संसर्ग छातीकडे उतरण्याचा धोका मान्य करूनच तो घेतला होता, म्हणून पुढचे दिवस ताप, छातीतलं दुखणं आणि मानेतली कुरकुर यांवर लक्ष ठेवलं.

हाच मार्ग काही रुग्णांत बंद असतो. लहान मुलांत पडदा इतका छोटा आणि कूर्चा इतक्या मऊ की छेद घेऊन 6.0 ची ट्यूब घालणं शक्यच नाही. वयाची रेषा पुस्तकांत 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान बदलते. स्वरयंत्रच चिरडलं असेल किंवा श्वासनळी तुटून खाली सरकली असेल, तर पडद्यातून गेलेली बूजी चुकीच्या जागी जाते. तिथे खालून ट्रेकिऑस्टॉमी करायची.

ट्रेकिऑस्टॉमी निघाल्यावर काका घरी गेले तेव्हा डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी ठळक लिहिल्या: तोंड 12 मि.मी. उघडतं आणि भूल दिल्यावरही उघडत नाही. मास्कने हवा गेली नव्हती. मानेतून वाट करावी लागली. पुढच्या कुठल्याही ऑपरेशनच्या आधी हे कार्ड दाखवायचं असं मुलाला समजावलं. आणि काकूंना सांगितलं की पुढचे काही महिने जिना चढताना घरघर आली, आवाज बसत गेला किंवा झोपेत श्वास ओढल्याचा आवाज आला, तर ते सर्दीचं म्हणून सोडू नका. स्वरयंत्राखाली वाट आक्रसत असेल, आणि ती दुर्बिणीने पाहावी लागेल.